हायवेवरच्या फूड कोर्टचा ग्रीस ट्रॅप आणि किचन ड्रेनेज : पहिल्यांदाच करताय त्यांच्यासाठी

निपाणी, संकेश्वर, हत्तरगी, काकती या पट्ट्यात पुणे–बेंगळुरू हायवेला लागून आता फूड कोर्ट बरेच झालेत, चोर्ल्याकडनं गोव्याला जाणाऱ्या रस्त्यालाही हळूहळू होतायत. बांधणारे बहुतेक पहिल्यांदाच बांधतात, म्हणजे जमीन घरची, शेड टाकलं, आठ गाळे काढले, भाड्याने दिले. टाइल्स, लाइट, पार्किंग, सेल्फीची भिंत सगळं झकास होतं आणि सांडपाण्याचं काम शेवटी गवंड्यावर सोडतात, तोही घरच्या सेप्टिक टँकसारखा एक खड्डा बांधून मोकळा होतो. मग पहिल्या थंडीत सकाळी सकाळी फोन येतो, "सिंक भरायलंय बगा मामा, पाणी जाईनाच झालंय."

हा लेख त्या फोनच्या आधी वाचायचा आहे. सगळं ड्रेनेज यात सांगत नाही, फक्त किचनचं पाणी सिंकपासून ग्रीस ट्रॅपच्या बाहेर पडेपर्यंत. संडास-बाथरूमची लाइन पूर्ण वेगळी असते, ती ग्रीस ट्रॅपच्या आसपाससुद्धा आणायची नाही, ती थेट सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एसटीपीला किंवा सेप्टिक टँकला जाते.

आधी तेल पाण्यात काय करतं ते समजून घ्या

मिसळीचं पातेलं धुताना बघा, कट वर तरंगतो. तेल-तूप-चरबी पाण्यापेक्षा हलकी, साधारण ०.९ पट वजनाची, त्यामुळे पाणी शांत उभं राहिलं की ती आपोआप वर येते आणि खरकटं, पीठ, चहाची पावडर खाली बसते. मधे जे राहतं ते त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी. ग्रीस ट्रॅप म्हणजे एवढंच, पाण्याला थोडा वेळ शांत उभं करायची टाकी, आणि बाहेर जाताना मधलं पाणी उचलून न्यायची सोय. यात मोटर नाही, फिल्टर नाही, केमिकल नाही.

म्हणजे ट्रॅप बिघडतो तो तीनच कारणांनी. पाण्याला थांबायला वेळ मिळत नाही, पाणी शांत राहत नाही, किंवा पाणी गरमच असतं. गरम पाण्यात डालडा आणि मटणाची चरबी वितळलेलीच राहते, वरून भांड्यांचा लिक्विड साबण पडला की तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते वर यायला फार वेळ घेतात. असं पाणी ट्रॅपमधनं तसंच निघून जातं आणि पुढे गार पाइपमध्ये जाऊन चिकटतं.

आपल्याकडे यात दोन गोष्टी जास्तीच्या. एक, डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट बऱ्यापैकी गार असते, आणि वनस्पती तूप तर तीस-चाळीस डिग्रीच्या आसपासच घट्ट होतं, म्हणजे उन्हाळ्यात कशीबशी चालणारी लाइन थंडीत बसते. दोन, बोअरचं पाणी जड असेल तर त्यातला चुना आणि चरबी मिळून पांढरा, कडक, साबणासारखा थर तयार होतो. हा थर गरम पाण्याने वितळत नाही, खरवडूनच काढावा लागतो. म्हणून "रोज रात्री बादलीभर उकळतं पाणी ओता" हा सल्ला मी देत नाही, त्याने तेल फक्त वीस फूट पुढे सरकतं. ड्रेन साफ करायच्या एन्झाइमच्या बाटल्यांचंही तेच, बऱ्याच वेळा त्या तेल पातळ करून पुढे ढकलतात. पुढे तुमचीच एसटीपी आहे.

पायरी १ : कुठलं पाणी आत घ्यायचं, कुठलं नाही

साइटवर जाऊन कागदावर प्रत्येक गाळा मांडा आणि प्रत्येक नळासमोर लिहा, इथलं पाणी ओशट आहे का. समजा आपला फूड कोर्ट असा आहे: मिसळ-वडापाव, डोसा-इडली, पावभाजी, चायनीज, बिर्याणी, कोल्हापुरी मटण थाळी, ज्यूस आणि आइस्क्रीम. शिवाय मागे सगळ्यांची ताटं धुवायला एक कॉमन वॉशिंग एरिया. यातले पहिले सहा गाळे आणि वॉशिंग एरिया ट्रॅपला जोडायचे. किचनच्या फरशीच्या नहाणी ट्रॅपचं पाणीही तिकडेच, कारण तळणाच्या ठिकाणची फरशी सिंकइतकीच तेलकट असते. ज्यूस आणि आइस्क्रीमवाला सोडला तरी चालतो, त्याचं पाणी थेट एसटीपीकडे न्या, उगीच ट्रॅपवर भार कशाला. ग्राहकांच्या हात धुवायच्या बेसिनबद्दल लोक विचारतात, माझं मत असं की तीही सोडा. पाणी खूप, साबण खूप, तेल नगण्य.

आणि पावसाचं पाणी. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. शेडच्या पन्हळीचा पाइप खाली येतो, समोर किचनचं चेंबर दिसतं, गवंडी म्हणतो जोडून टाकू या, कोण वेगळी गटार खणतो. आता गणित करा. ४०० चौरस मीटरचं शेड आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस, जो आपल्याकडे जुलैत काही नवल नाही, खानापूरकडे तर नाहीच नाही. म्हणजे तासाला २० हजार लिटर, मिनिटाला सव्वातीनशेच्या वर. पुढे आपण बघणार आहोत की अख्ख्या किचनचा गर्दीतला एका झटक्याचा लोंढासुद्धा एवढा नसतो, आणि हा लोंढा दोन मिनिटांचा, पाऊस तासभर.

असा एक फूड कोर्ट मी बघितलाय. मालकांची तक्रार अशी की पावसाळ्यात ट्रॅप "आपोआप साफ राहतो", टँकर बोलवायची गरजच पडत नाही, पण एसटीपीला मात्र घाण वास सुटतो आणि तिथला फेस जात नाही. झाकण उघडलं तर खरंच वर बोटभरसुद्धा थर नाही. थर गेला कुठे? प्रत्येक मोठ्या पावसाने तो उचलून पुढे एसटीपीत नेऊन टाकला होता, आणि तिथल्या जिवाणूंवर तेलाचा थर बसला की ते काम करेनासे होतात. पन्हळीचा पाइप तोडून वेगळा केला तेव्हा कुठे पंधरा दिवसांत ट्रॅपमध्ये थर धरायला लागला. तेव्हा चालू किचनचा ट्रॅप टँकर न बोलावता स्वच्छ दिसत असेल तर खूश होऊ नका, पाणी कुठनं घुसतंय ते शोधा.

पायरी २ : टाकी केवढी

इथे दोन टोकं असतात. एक म्हणजे बाजारातला ४०–५० लिटरचा स्टीलचा डबा सिंकखाली ठेवून आठ गाळ्यांचं काम होईल असं समजणं. दुसरं म्हणजे "मोठीच बांधू, कटकट नको" म्हणून १५ हजार लिटरची बांधणं. दुसऱ्यातही त्रास आहे. पाणी दिवसभर टाकीत पडून राहिलं की ते सडतं, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, तोच वायू ओल्या काँक्रीटवर ॲसिड तयार करतो आणि काही वर्षांत झाकणाखालचं प्लास्टर भुगा होऊन पडायला लागतं.

तर हिशेब असा करायचा. सिंकची लांबी, रुंदी, खोली मोजा. समजा सहा गाळ्यांत एकेक सिंक ६० बाय ४५ बाय ३० सेंटीमीटरचं आहे. ते झालं ८१ लिटर. सिंक काठोकाठ कुणी भरत नाही, पाऊण धरा, ६१ लिटर. सहा गाळ्यांचे मिळून ३६६. वॉशिंग एरियात तीन मोठी सिंक, ७५ बाय ६० बाय ४० ची, म्हणजे १८० लिटर, पाऊण धरून १३५, तिन्हींचे ४०५.

आता शनिवारची दुपार डोळ्यांसमोर आणा, गोव्याला निघालेल्या गाड्या उभ्या आहेत. तिन्ही मोठी सिंक दर दहा मिनिटांनी रिकामी होतायत, म्हणजे तासाला सहा वेळा, २,४३० लिटर. गाळ्यांतली सिंक दर पंधरा मिनिटांनी, तासाला चार वेळा, १,४६४ लिटर. वर तीन नळ खळखळ चालू, मिनिटाला आठ लिटरने तासाचे १,४४० लिटर. बेरीज ५,३३४ लिटर तासाला.

पाण्याला अर्धा तास तरी थांबू द्यायचं असं धरलं की निम्मं, २,६६७ लिटर. पण टाकीचा काही भाग तर वरचा तेलाचा थर आणि खालचा गाळच खाणार, आपण त्यांना जास्तीत जास्त पाव भाग देणार आहोत, म्हणून २,६६७ ला ०.७५ ने भागा. आले साधारण ३,५५० लिटर. मी इथे ४ हजारांची टाकी घेईन.

एक उलटतपासणी राहिली, लोंढ्याची. तिन्ही मोठी सिंक आणि तीन गाळे यांनी एकदमच बुच काढलं तर ४०५ अधिक १८३, म्हणजे ५८८ लिटर साधारण दोन मिनिटांत येतात, मिनिटाला २९४ लिटर. चार हजारांच्या टाकीत या वेगानेसुद्धा पाण्याला तेरा मिनिटं मिळतात, आणि लोंढा दोन मिनिटांत संपतो. मला हे चालतं. काही डिझायनर या लोंढ्यालाच सरळ तीस मिनिटांनी गुणतात, तेव्हा ८,८०० लिटर येतात. ते चूक आहे असं नाही, अठरा-वीस तास चालणारा मोठा फूड कोर्ट असेल, टँकर वेळेवर मिळत नसेल, तर तसंही करतात. पण दुपारी आणि रात्री मिळून पाच-सहा तासच गर्दी असणाऱ्या ठिकाणी तेवढी टाकी म्हणजे वास विकत घेणं. तुमच्या मंजुरीच्या ड्रॉइंगवर कन्सल्टंटने जो आकडा लिहिलाय त्यापेक्षा कमी मात्र परस्पर करू नका.

"प्रत्येक गाळ्यात छोटा ट्रॅप आणि बाहेर काहीच नाही" असंही सुचवलं जातं, खर्च भाडेकरूवर जातो म्हणून मालकांना ते आवडतं. मला पटत नाही. डबा रोज साफ करावा लागतो, गाळेवाला दर सहा महिन्यांनी बदलतो, नवीन आलेल्याला त्या झाकणाखाली काय आहे हेच माहीत नसतं. बाहेर एकच मोठा, मालकाच्या ताब्यातला. फारतर मटण आणि चायनीजवाल्याच्या सिंकखाली एकेक छोटा डबा जास्तीचा, म्हणजे तिथला जड माल तिथेच अडतो.

पायरी ३ : टाकीच्या आतलं काम

मापं अशी घ्या: आतून लांबी ३ मीटर, रुंदी १.२ मीटर, पाण्याची खोली १.१ मीटर. गुणाकार केला तर ३,९६० लिटर. चौकोनी टाकीपेक्षा लांबट बरी, पाण्याला चालायला अंतर मिळतं. पाण्याच्या वर झाकणापर्यंत २५–३० सेंटीमीटर मोकळी हवा ठेवा.

मधे एक आडवी भिंत घालून दोन कप्पे करा, पहिला २ मीटरचा, दुसरा १ मीटरचा. बहुतेक तेल आणि जवळजवळ सगळा गाळ पहिल्यातच राहतो, दुसरा उरलंसुरलं धरायला. भिंत पाण्याच्या वर वीतभर येऊ दे पण छतापर्यंत नको, वरून हवा खेळली पाहिजे.

आता खरं काम पाइपच्या तोंडांचं. येणारा पाइप नुसता भिंतीत उघडा सोडला की पाणी धबधब्यासारखं पडतं आणि वर आलेला थर पुन्हा घुसळून निघतो. म्हणून आत तीन तोंडांचा जोड, म्हणजे टी बसवायचा, टीचं खालचं तोंड पाण्याखाली ४० सेंटीमीटरपर्यंत उतरवायचं, वरचं तोंड उघडं ठेवायचं. मधल्या भिंतीतनं जाणारा पाइपही तसाच, त्याचं खालचं तोंड तळापासून ३५ सेंटीमीटरवर. बाहेर जाणाऱ्या पाइपलाही टी, तोंड तळापासून ३५ वर. म्हणजे खालचा गाळ उचलला जात नाही, वरचं तेल तर जाऊच शकत नाही. बाहेर जाणाऱ्या टीचं वरचं तोंड बंद केलं तर मात्र कधी कधी पाइप सायफन मारतो आणि टाकीतलं पाणी ओढून नेतो, म्हणून तेही उघडंच.

बाहेरचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा ५ सेंटीमीटर खाली. गवंड्याला हे तोंडी सांगू नका, भिंतीवर खडूने रेघ मारून द्या. दोन्ही पाइप एकाच लेव्हलला बसवलेल्या टाक्या मी भरपूर बघितल्यात, तिथे पाणी मागे किचनच्या लाइनमध्ये उभं राहतं आणि लाइनच ग्रीस ट्रॅप होते.

झाकणं तीन, प्रत्येकी ६० सेंटीमीटरची, येणाऱ्या टीवर, मधल्या भिंतीवर आणि जाणाऱ्या टीवर. एकच झाकण ठेवून दोनशे रुपये वाचवायचे नाहीत, तीन ठिकाणी रॉड आणि होज सरळ खाली गेला पाहिजे. ट्रॅपनंतर लगेच एक छोटं चेंबर बांधा, पाण्याचा नमुना तिथनं घेता येतो आणि ट्रॅप नीट चाललाय का ते तिथेच कळतं.

मटेरियलचं म्हणाल तर खानापूर बाजूला जांभ्या चिऱ्यात सगळं बांधायची सवय आहे, ट्रॅपला तो नको, सांध्यांतनं पाझरतो. आरसीसी करा, आतून इपॉक्सी मारा, नाहीतर सरळ फायबरची, म्हणजे एफआरपीची तयार टाकी आणा. एफआरपी आणली तर एक धोका लक्षात ठेवा: पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना टाकी रिकामी केली की ती वर उचलली जाते. चार हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला पाणी जवळपास चार टन जोराने वर ढकलतं. खाली काँक्रीट स्लॅब टाकून पट्ट्यांनी बांधल्याशिवाय माती भरायची नाही. आरसीसी असो की एफआरपी, माती भरायच्या आधी २४ तास पाणी भरून ठेवा आणि खडूची खूण करून बघा, लेव्हल उतरली तर आत्ताच कळेल.

पायरी ४ : लाइन आणि उतार

टाकी कुठे बसवायची हे उतारावर ठरतं, मोकळी जागा कुठे आहे यावर नाही. गाळ्यांच्या सिंकपासून ११० मिलिमीटरचा पाइप, सगळे जिथे मिळतात ती मुख्य लाइन १६० ची. ११० चीच पुढे नेली तर त्या २९४ लिटरच्या लोंढ्यात पाइप अर्ध्याच्या वर भरतो, हवेला जागा राहत नाही आणि शेजारच्या सिंकमधनं गुडगुड आवाज येऊन त्याच्या खालच्या वाकड्या पाइपमधलं वास अडवणारं पाणीच ओढलं जातं, मग वास थेट किचनमध्ये.

उतार ५० ला १. म्हणजे ३ मीटरच्या पाइपला ६ सेंटीमीटर, ६ मीटरच्याला १२. आपला सगळ्यात लांबचा गाळा टाकीपासून २४ मीटरवर असेल तर ४८ सेंटीमीटर. सुरुवातीला पाइप फरशीखाली ३० सेंटीमीटरवर असला तर टाकीत शिरताना तो ७८ वर असेल, पाण्याची लेव्हल ८३ वर, तळ १ मीटर ९३ वर, म्हणजे खालचा स्लॅब आणि त्याच्या खालचं साधं काँक्रीट, पीसीसी, धरून सव्वादोन मीटरच्या आसपास खड्डा. हे आधी काढा आणि मग बघा की बाहेर पडणारं पाणी पुढच्या एसटीपीत त्या लेव्हलने शिरतंय का. शिरत नसेल तर पंप ट्रॅपच्या नंतर बसवा. आधी बसवला तर पंप तेल-पाणी घुसळून पाठवणार, आणि तो ट्रॅप असून नसल्यासारखा.

उतार तपासायला महागडं यंत्र नको, पाण्याची पारदर्शक लेव्हल नळी पुरे. फक्त प्रत्येक सांध्यावर तपासा, दोन टोकं जमली म्हणजे मधे पोट आलं नाही असं होत नाही. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत तर हे जास्तच, ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाइप तिच्यावर नुसता ठेवला तर वर्षभरात कुठेतरी पोट येतंच. तिथे काळी माती उकरून मुरूम आणि वाळूचा बेड द्या. ज्या जागी पोट येतं तिथे पाणी साचतं, तिथेच तेल गार होतं आणि तिथेच लाइन तुंबते, म्हणून एकच जागा परत परत तुंबत असेल तर जेटिंगवाल्याला पैसे देत बसू नका, खणून बघा.

वळणावर ९० चा एक एल्बो नको, ४५ चे दोन लावा, आणि प्रत्येक वळणाला वरून उघडता येईल असं चेंबर किंवा क्लीनआउट. बिर्याणीवाल्याच्या सिंकपासूनचा पहिला तुकडा कास्ट आयर्नचा घ्या, कारण तो भाताचं उकळतं पाणी डेगभर एकदम ओततो आणि पीव्हीसी मऊ पडून लोंबतो. टाकी किचनला अगदी चिकटून नको तेही यासाठीच, दहा-पंधरा मीटर चालून आलं की पाणी जरा निवतं. पण फार लांबही नको, चाळीस मीटर नेली तर तेल वाटेतच बसतं.

पायरी ५ : सिंकच्या वर अडवा

ताट सिंकमध्ये जायच्या आधी कोरडं खरकटं डब्यात झाडलं पाहिजे. मटणाची हाडं, पावभाजीच्या कढईतला उरलेला बटरचा थर, हे सगळं रबरी खरवडणीने काढून डब्यात. प्रत्येक सिंकला आणि नहाणीला काढता येणारी स्टीलची जाळी. जाळी काढून फेकून देणारे असतातच, म्हणून ती साखळीने बांधा, आणि सूचना मराठी आणि कन्नड दोन्हीत लावा, अर्धी पोरं एक वाचतात, अर्धी दुसरं.

कढईतलं जुनं तेल तर सिंकच्या जवळपाससुद्धा यायला नको. तळणाचं तेल कुठवर वापरायचं याला एफएसएसएआयची मर्यादा आहे, १ जुलै २०१८ पासून त्यातली टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवून तयार होणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल स्वयंपाकाला चालत नाही. असं तेल कॅनमध्ये साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला द्यायचं, त्याचं बायोडिझेल होतं आणि पैसेही मिळतात. गाळ्याच्या करारात ही एक ओळ टाकाच.

पायरी ६ : चालू झाल्यावर

ट्रॅप कधी उपसायचा हे कॅलेंडरवर नाही, मोजून ठरवायचं. दोन-सव्वादोन मीटरचा जाड पारदर्शक पाइप घ्या, सकाळी किचन सुरू व्हायच्या आधी पहिल्या कप्प्यात हळूच तळापर्यंत सोडा, वरचं तोंड तळहाताने घट्ट दाबून वर काढा, खालून बुच लावा. वर पिवळट तेल, मधे पाणी, खाली काळा गाळ, तिन्ही थर दिसतात. तेल आणि गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या पाव भागाला आले की उपसायचा. आपली खोली ११० सेंटीमीटर, म्हणजे मर्यादा साधारण २७. समजा पहिल्या आठवड्याला तेल ४ आणि गाळ ३ निघाला, दुसऱ्याला ९ आणि ६, तिसऱ्याला १४ आणि ९, म्हणजे २३, तर चौथ्याची वाट बघू नका, तिसऱ्यानंतर दोन दिवसांत टँकर बोलवा. दोन-तीन महिने असं मोजलं की तुमच्या जागेचा आकडा कळतो. सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा, दिवाळीची सुट्टी, अशा वेळी एक मोजणी मधेच जास्तीची करा.

उपसताना नुसता वरचा थर काढून चालत नाही, टँकरने सगळं, गाळासकट ओढलं पाहिजे, भिंती आणि टी खरवडून धुतले पाहिजेत. माणूस आत उतरवायचा नाही. कितीही छोटी टाकी दिसली तरी नाही, आत साचलेला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि सेप्टिक टँक-गटारात असं माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. लांब दांड्याचा ब्रश आणि प्रेशर होज, झाकणावरनंच. काम झालं की टाकी लगेच साध्या पाण्याने बाहेरच्या पाइपच्या लेव्हलपर्यंत भरून ठेवा, तरच दुसऱ्या दिवशी आलेलं तेल पहिल्या मिनिटापासून वर थांबतं.

पुढच्या छोट्या चेंबरकडे आठवड्यातनं एकदा नजर टाका. तिथे पांढरी साय किंवा काठाला चिकट पट्टा दिसला तर ट्रॅप भरलाय, नाहीतर कुणीतरी आतला टी तोडलाय, रॉड मारताना हे सर्रास होतं. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीत ऑइल-ग्रीसचा आकडा असतो. देशभराच्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नाल्यात किंवा शेतीला सोडायचं पाणी लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत आणि सार्वजनिक गटारात सोडायचं २० च्या आत हवं. नुसत्या ग्रीस ट्रॅपमधनं निघालेलं पाणी १० च्या आत येईल अशी आशा धरू नका, त्याच्या पुढे एसटीपी लागतेच.

टँकरवाल्याकडनं प्रत्येक फेरीची पावती घ्या, त्यावर किती लिटर आणि कुठे नेऊन खाली केलं हे लिहून मागा. स्वस्तातला टँकर रात्री कुणाच्या तरी उसाच्या बांधाला किंवा नाल्यात सोडून जातो, आणि तेलाचा माग काढत लोक सकाळी तुमच्याच गेटवर येतात.